पालेभाजी, पनीर, चिकन: मेसचा नाशवंत माल घ्यायचा कसा, तपासायचा कसा, ठेवायचा कुठं (फूड सर्व्हिसचा पेपर देणाऱ्यांसाठी)

हॉटेल मॅनेजमेंट, होम सायन्स, केटरिंग, कुठलाही कोर्स घ्या, फूड सर्व्हिस मॅनेजमेंटच्या पेपरात एक प्रश्न फिरून फिरून येतोच. कधी 'नाशवंत मालासाठी खरेदीच्या पद्धती सांगा', कधी 'माल स्वीकारताना काय तपासाल', कधी 'साठवणुकीच्या अटी लिहा'. पोरं तिन्हीची तीन वेगळी उत्तरं पाठ करतात आणि मग केस स्टडी आली की गडबडतात, कारण केसमधे हे तिन्ही एकात एक गुंतलेलं असतं. माल किती तास टिकतो त्यावर तो कसा विकत घ्यायचा ते ठरतं, कसा विकत घेतला त्यावर दारात काय बघायचं ते ठरतं, आणि दारात जे बघितलं त्यावर आत कुठं जाणार ते ठरतं. म्हणून इथं एकच केस घेतो आणि शेवटपर्यंत सोडवतो.

केस अशी धरा. सोलापुरातलं एक हॉस्टेल, मे महिना, बाहेर दुपारी ४२ अंश. मेसला १२० पोरं. बुधवारी रात्री ८० जणांना चिकन रस्सा, ४० जणांना पनीरची भाजी, सगळ्यांना मेथीची भाजी, दही आणि टोमॅटोची कोशिंबीर. एक मोठा उभा फ्रीज, एक डीप फ्रीझर, आणि दिवसातून एखाद्या वेळी लाईट जाणार हे धरूनच चालायचं. प्रश्न: खरेदी, स्वीकार आणि साठवण यांचं नियोजन करा.

आधी किती लागतंय ते काढा

बरेच जण थेट 'कोटेशन मागवावीत' इथून सुरुवात करतात. किती माल हवाय तेच माहीत नसेल तर कोटेशन कशाचं मागवणार? आणि नाशवंत मालात 'किती हवंय' आणि 'किती आणायचं' हे दोन वेगळे आकडे असतात, गंमत तिथंच आहे.

मेथी घेऊ. ताटाला निवडलेली मेथी ७५ ग्रॅम धरली तर १२० ताटांना ९ किलो. पण बाजारातून येते ती मुळं, माती, जाड देठं, पिवळी पानं यांच्यासकट. समजा प्रश्नात दिलंय की निवडल्यावर ६० टक्के उरते. तर ९ ला ०.६० नं भागायचं, येतात १५ किलो. इथं हमखास होणारी चूक अशी की पोरं म्हणतात ४० टक्के वाया जातं ना, मग ९ मधे ९ चे ४० टक्के मिळवू, झाले १२.६ किलो. बरोबर वाटतं पण नाहीये, कारण वाया जाणारे ४० टक्के हे आणलेल्या मालाचे आहेत, लागणाऱ्या मालाचे नाहीत. १२.६ किलो आणली तर निवडून ७.५६ किलो उरणार आणि ताटाला ७५ च्या जागी ६३ ग्रॅम भाजी पडणार, म्हणजे शेवटच्या पंधरा-वीस पोरांना भाजीच नाही किंवा सगळ्यांनाच चमचाभर कमी. उत्तर लिहून झालं की आकडा उलटा गुणून बघायचा, १५ गुणिले ०.६० बरोबर ९, जमलं.

हाच हिशोब भाव ठरवतानाही लागतो. समजा एक भाजीवाला ४० रुपये किलोनं देतोय आणि त्याची मेथी ६० टक्के निघते, दुसरा ३६ नं देतोय पण त्याच्याकडं चिखल नि देठं जास्त, ५० टक्केच निघते. वापरता येणाऱ्या किलोचा भाव पहिल्याकडं ४० भागिले ०.६० म्हणजे ६६ रुपये ६७ पैसे, दुसऱ्याकडं ३६ भागिले ०.५० म्हणजे ७२. स्वस्त तो महाग पडला. वर निवडणाऱ्या बाईंचा वेळ जास्त गेला तो वेगळाच.

आणि आपल्याकडं आणखी एक भानगड आहे जी पुस्तकात नसते. लक्ष्मी मंडईत जा नाहीतर मार्केट यार्डात, पालेभाजी जुडीवर मिळते, किलोवर नाही. एकाची जुडी पाव किलोची, दुसऱ्याची त्याहून बारीक, आणि उन्हाळ्यात ती आणखी बारीक होते. 'जुडी १५ ला' आणि 'जुडी १२ ला' ही दोन कोटेशनं शेजारी ठेवून काहीच कळत नाही. म्हणून मागणी नोंदवताना स्पेसिफिकेशनमधेच लिहायचं की भाव किलोचा द्या, किंवा जुडी कमीत कमी अमुक ग्रॅमची हवी, मुळं छाटलेली, पाणी निथळलेलं, फुलोरा न आलेली, पानं हिरवी. स्पेसिफिकेशन हा शब्द ऐकायला ऑफिशियल वाटतो पण त्याचं खरं काम सकाळी टेम्पो दारात उभा असताना होतं, कारण तेव्हा माल परत पाठवायला कागद लागतो, नुसतं 'चांगली नाहीये हो' म्हणून चालत नाही.

मग कुठली खरेदी पद्धत? एकच नाही

'नाशवंत मालासाठी सर्वात योग्य पद्धत कोणती' असा एका मार्काचा प्रश्न आला तर उत्तर आहे ओपन मार्केट खरेदी, म्हणजे रोजच्या कोटेशनवरची अनौपचारिक खरेदी. दोन-तीन ओळखीच्या पुरवठादारांना आदल्या संध्याकाळी फोन, एकाच मार्केट लिस्टवर तिघांचे भाव, मग ठरवायचं. पण केसमधे एवढंच लिहिलं तर मार्क अर्धेच, कारण आपल्या यादीतले पाच पदार्थ पाच तऱ्हेनं वागतात.

मेथी आणि टोमॅटोला कोटेशन बरोबर. भाव रोज हलतो, माल रोज वेगळा, आजचा दर उद्या नाही. याला सहा महिन्यांचं टेंडर काढलं तर काय होतं? पुरवठादार टेंडर भरतानाच सगळ्यात वाईट दिवसाचा भाव धरून भरतो, म्हणजे स्वस्ताईच्या महिन्यात तुम्ही जास्त देता, आणि भाव त्याहूनही वर गेला की तो उरलासुरला माल तुमच्याकडं पाठवतो. टेंडर तांदूळ, डाळ, तेल, साखरेला ठीक, कारण ते टिकतं आणि त्याची प्रत कागदावर पक्की लिहिता येते.

दूध रोज ठरलेलं लागतं, म्हणून स्टँडिंग ऑर्डर. रोज सकाळी इतके लिटर, न सांगता येणार. सोय मोठी आहे पण तिची खोड अशी की ती आपोआप चालू राहते. परीक्षा संपून निम्मी पोरं गावाला गेली, गड्ड्याच्या जत्रेला सुट्टी लागली, श्रावण लागून चिकन खाणारे घटले, आणि ऑर्डर जशीच्या तशी. म्हणून उत्तरात स्टँडिंग ऑर्डर लिहिली की पुढच्याच वाक्यात लिहायचं की हजेरी बघून दर आठवड्याला आकडा तपासायचा आणि बदल आदल्या दिवशी अमुक वाजेपर्यंत कळवायचा.

दह्याला पार स्टॉक, म्हणजे हाताशी कायम असावा असा ठरवलेला साठा. रोजचं लागतं ९ किलो, अचानक पाहुणे आले किंवा पुरवठा उशिरा आला तर हाताशी ३, म्हणून पार १२. संध्याकाळी फ्रीज उघडून मोजायचं, ४ किलो आहे तर ऑर्डर ८ ची. रोज डोळे झाकून ९ मागवायचं नाही. पेपरात हा आकडेमोडीचा प्रश्न सोप्यात सोपा असतो तरी लोक चुकतात, कारण पारमधून शिल्लक वजा करायची विसरून अख्खा पारच मागवतात.

चिकनचा विषय जरा वेगळा. ब्रॉयलरचा भाव रोज बदलतो, पण दुकानदार रोज बदलणं बरं नाही, कारण कटिंग, स्वच्छता, वेळ हे सवयीनं जमतं. म्हणून इथं करार करायचा पण भावाचा नाही, फरकाचा. म्हणजे त्या दिवसाच्या जाहीर दरावर किलोमागं ठरलेली रक्कम जादा, याला कॉस्ट प्लस म्हणतात. पक्का भाव बांधून घेतला आणि बाजार चढला की वजनात पाणी येतं, ते पुढं बघूच. पनीरही असंच, एकाच लायसन्सवाल्या डेअरीकडून, पण ऑर्डर कोटेशनवर. ४० जणांना १०० ग्रॅमनं ४ किलो, जादा नाही, कारण मे महिन्यात उरलेलं पनीर म्हणजे उद्याची डोकेदुखी.

माल दारात आला: इथं घाई नको

पुरवठादाराचा टेम्पो उभा आहे आणि तुमची सही झालेली नाही, तोपर्यंत नुकसान त्याचं. सही झाली की तुमचं. म्हणून 'रिसीव्हिंग' हा सगळ्यात कमी मार्कांचा वाटणारा भाग प्रत्यक्षात सगळ्यात जास्त पैशाचा आहे.

वेळ ठरवून द्या, सकाळी ७ ते ८. उन्हाळ्यात सोलापुरात दहानंतर उघड्या टेम्पोतून येणारी पालेभाजी बघायची गरजच नाही, ती मेलेलीच असते. आणि जेवण वाढायच्या वेळेला तर माल घ्यायचाच नाही, कारण तेव्हा वजन कोणी करत नाही, नुसता 'ठेव तिकडं' म्हणतात.

हाताशी लागतं काय? पडताळणीचा शिक्का असलेला वजनकाटा, टोचणीचा थर्मामीटर, ऑर्डरची प्रत, स्पेसिफिकेशन, रिकामे स्वच्छ क्रेट, आणि माल खाली जमिनीवर न ठेवता ठेवायला टेबल. थर्मामीटर खरं बोलतोय का ते बघायचं, ग्लासभर बारीक बर्फात थोडं पाणी घालून त्यात टोचणी मधोमध धरायची, शून्य दाखवला पाहिजे. काही ठिकाणी उकळत्या पाण्यात १०० दाखवतो का बघायला सांगतात, पण सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथं पाणी ९८ ते ९९ अंशालाच उकळतं, त्यामुळं चांगला थर्मामीटरसुद्धा दीडेक अंश कमी दाखवणार आणि तुम्ही उगाच त्याला बदनाम करणार. बर्फाचीच चाचणी करा.

मालाचा क्रमही ठरलेला. आधी थंड आणि फ्रोझन, मग भाज्या, शेवटी कोरडं. आणि थंडमधे पनीर-दही आधी मोजायचं, कच्चं चिकन नंतर, म्हणजे चिकनची टोचणी दह्यात जायचा प्रश्न येत नाही. दर वेळी टोचणी पुसून सॅनिटायझर मारायचा ते आहेच. आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत, आपल्या फूड सेफ्टीच्या नियमांत थंड माल ५ अंश किंवा खाली, फ्रोझन उणे १८ किंवा खाली, गरम ठेवायचं ते ६० च्या वर. काही पुस्तकांत ५ च्या जागी ४ असतं. तुमच्या कोर्सचं पुस्तक जे म्हणतं ते लिहा, पण एका उत्तरात दोन्ही लिहू नका.

आता बुधवार सकाळ. ७ वाजून २० मिनिटं, पनीर आलं. एक एक किलोची चार बंद पाकिटं. पाकीट फोडायचं नाही, दोन पाकिटं एकमेकांवर दाबायची आणि मधे टोचणी धरायची, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. थर्मामीटर म्हणतोय ९ अंश. दुधाची पिशवी असती तर टोचणीभोवती गुंडाळून बघितलं असतं, तत्त्व तेच. तारीख आजची आहे, वास ठीक आहे, रंग पांढरा आहे, पोऱ्या म्हणतोय 'साहेब आत्ताच निघालो, फ्रीजमधे टाका, गार होईल'.

घ्यायचं का? नाही. आणि का नाही हे उत्तरात लिहिलं तर तपासणारा खूश होतो. फ्रीजमधे टाकून ते ४ अंशाला येईल हे खरं, पण ते ९ ला किती वेळ होतं हे तुम्हाला माहीत नाही, वीस मिनिटं की रात्रभर. त्या वेळात जिवाणू वाढले असतील तर गार केल्यानं ते कमी होत नाहीत, फक्त त्यांची वाढ मंदावते, आणि काही जिवाणूंचं विष तर शिजवूनही जात नाही. वासावरनं कळत नाही, कारण नासवणारे जिवाणू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे. परत पाठवायचं, परतीच्या चिठ्ठीवर वेळ, तापमान, वजन, कारण लिहून पोऱ्याची सही घ्यायची, आणि दुसऱ्या डेअरीला फोन करायचा. ते नाही जमलं तर ४० जणांना शेंगदाण्याची आमटी, सोलापुरात त्याला कोणी नाक मुरडणार नाही. मेनूत बदलाची जागा आधीच ठेवलेली असणं हा खरेदीच्या नियोजनाचाच भाग आहे, हे एक वाक्य उत्तरात घाला.

(पनीर खरं आहे का, स्टार्च मिसळलाय का असा उपप्रश्न आला तर आयोडीन. एका तुकड्याला पाण्यात उकळून गार करायचं, वर दोन थेंब टाकायचे, निळा झाला तर स्टार्च आहे.)

७ वाजून ४० ला चिकन. ऑर्डर ८० जणांना २०० ग्रॅमनं १६ किलो. बिल १६ किलोचं. क्रेट काट्यावर ठेवला, १७.६. रिकामा क्रेट १.६ चा आहे, म्हणजे माल बरोबर १६. बिलाशी तंतोतंत, बहुतेक जण इथं सही करतात. पण चिकन बर्फात आलंय, तळाला पाणी आहे. चिकन जाळीच्या क्रेटमधे काढा, निथळू द्या, बर्फ बाजूला करा, मग परत मोजा. निव्वळ १४.९ किलो निघालं. १.१ किलो तुम्ही पाणी विकत घेत होता, २४० रुपये दरानं २६४ रुपये. हे रोजचं झालं की महिन्याला किती होतं ते कॅल्क्युलेटरवर बघा, सांगत नाही. तापमान ४ अंश, मांस घट्ट, चिकटपणा नाही, वास नाही, म्हणून माल घ्यायचा पण १४.९ चाच. बिलावर १४.९ लिहून फरकाची क्रेडिट नोट मागायची, नुसतं 'पुढच्या वेळी जास्त देतो' यावर सोडायचं नाही, कारण पुढच्या वेळी ते ना त्याच्या लक्षात असतं ना तुमच्या.

इथं एक अडचण खरोखरची सांगतो. आपल्याकडं बरीच चिकनची दुकानं ऑर्डर आली की कापून देतात, तेव्हा मांस कोमटच असतं, ५ अंश कुठून आणणार. पुस्तकातला ५ अंशाचा नियम हा कोल्ड चेननं आलेल्या मालाचा आहे. ताजं कापलेलं कोमट चिकन म्हणजे खराब चिकन असं नाही, पण ते साठवायचं चिकन नाही. म्हणजे एकतर स्पेसिफिकेशनमधे लिहायचं की कापल्यावर लगेच बर्फात गार करून ५ अंशाच्या आत आणून द्या, किंवा वेळ अशी बांधायची की आलं की थेट पातेल्यात. सकाळी आठला कोमट चिकन घेऊन रात्रीच्या जेवणासाठी फ्रीजमधे कोंबणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण १६ किलोचा कोमट ढीग गार व्हायला फार वेळ घेतो आणि शेजारच्या दह्यालाही गरम करतो.

मेथीला थर्मामीटर नको, हात पुरे. क्रेटच्या तळातली जुडी काढा, वरची नाही, वरची नेहमी चांगलीच असते. जुडी सोडून मधे हात घाला, आत गरम लागलं तर ती कोंडलेली आहे, संध्याकाळपर्यंत सडणार. देठ मोडून बघा, कट्कन मोडलं पाहिजे. पाणी मारून जड केलेली असेल तर झटकून वजन.

ब्लाइंड रिसीव्हिंग विचारतात ना, ते हे की माल घेणाऱ्याच्या हातात जी प्रत असते त्यावर मालाची नावं असतात पण आकडे कोरे, म्हणजे त्याला मोजावंच लागतं. वर चिकनच्या वेळी बघितलं तसं, बिलावरचा आकडा आधी दिसला की डोळा तोच आकडा काट्यावर शोधतो. वेळ जास्त लागतो हा त्याचा तोटा. आणि मागवणारा, मोजून घेणारा, पैसे देणारा ही माणसं वेगळी हवीत, छोट्या मेसमधे दोनच माणसं असतात तर निदान मोजताना दुसऱ्याची सही. बिलावर पुरवठादाराचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर आहे का तेही बघून घ्या.

आत कुठं, किती अंशावर

सही झाल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत थंड माल थंडीत गेला पाहिजे. बाहेर ठेवायची मर्यादा २ तास सांगतात, पण बाहेरचं तापमान ३२ च्या वर असेल तर १ च तास. मे महिन्यात आपल्याकडं दिवसाचा बराच वेळ ३२ च्या वरच असतं, त्यामुळं आपल्यासाठी नियम १ तासाचा, आणि त्यात टेम्पोतला वेळही धरा.

एकच फ्रीज आहे तर कप्प्यांचा क्रम महत्त्वाचा. वर तयार खायचं, म्हणजे दही, निवडून धुतलेली कोथिंबीर, काही शिजवलेलं. मधे पनीर, दूध. सगळ्यात खाली कच्चं चिकन, खोलगट झाकणाच्या ट्रेमधे. कारण साधं, रक्तपाणी खाली ठिबकतं, वर नाही. मासे, अख्खं मटण, खिमा, चिकन असे सगळे कच्चे प्रकार एकत्र आले तर ज्याला शिजवताना जास्त आतलं तापमान लागतं ते खाली, म्हणून चिकन तळाशी. चिकनला ० ते ४ अंश आणि एक-दोन दिवस, त्याहून जास्त ठेवायचं तर फ्रीझर. कप्प्यांवर वर्तमानपत्र अंथरायचं नाही, भिंतीला चिकटवून रचायचं नाही, हवा फिरायला वाट हवी. थर्मामीटर लटकवायचा तो दाराजवळ, फ्रीजमधली सगळ्यात उबदार जागा ती, तिथं ५ असेल तर आत सगळीकडं ठीकच.

सगळंच फ्रीजमधे जात नाही, आणि इथं पेपरात बारीक प्रश्न असतात. टोमॅटो फ्रीजमधे टाकला की चव जाते, पीठूळ होतो, त्याला १२ अंशाच्या आसपास बरं. केळीही १३ च्या खाली काळी पडतात. कांदा-बटाटा अंधारात, कोरड्या, वारा खेळत्या जागेत, पण दोघांना लांब लांब, बटाट्याच्या ओलाव्यानं कांद्याला कोंब येतात. पिकलेली केळी, आंबे, टोमॅटो इथिलीन सोडतात, त्यांच्या शेजारी मेथी-कोथिंबीर ठेवली की पिवळी पडते.

मेथीला थंडावा हवा पण त्याहून जास्त ओलावा, ९० टक्क्यांच्या वर आर्द्रता. सोलापूरची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी की टेबलावर ठेवलेली जुडी तासाभरात मान टाकते. न धुता, खराब पानं काढून, ओल्या सुती फडक्यात सैल गुंडाळून, भोकाच्या क्रेटमधे. फ्रीजमधे जागा नसेल तर ओलं गोणपाट वरनं टाका आणि खाली पाणी मारा, हवा कोरडी असल्यानं बाष्पीभवन जोरात होतं आणि आतली हवा चांगली उतरते. पावसाळ्यात हाच उपाय निम्मासुद्धा चालत नाही. आणि कितीही उतरली तरी ५ अंशाला नाही येणार, म्हणून गोणपाट भाजीसाठी, दुधा-चिकनसाठी कधीच नाही. उत्तरात 'कमी खर्चाची साठवण' विचारली तर हे मर्यादेसकट लिहा.

काढताना आधी आलेला माल आधी, हे सगळ्यांना येतं. पण दुधात बघा, आज आलेल्या पिशवीवर कधी कधी कालच्या पिशवीपेक्षा आधीची शेवटची तारीख असते. तिथं आल्याची तारीख नाही, संपण्याची तारीख बघून काढायचं, आणि फरक विचारला तर हेच उदाहरण द्या. स्टिकरवर दोन्ही तारखा लिहा, नुसतं 'चिकन' लिहून उपयोग नाही. सगळं जमिनीपासून १५ सेंटीमीटर वर, फ्रीझरमधलंही.

राहिली लाईट. समजा दुपारी १ ला गेली. पहिलं काम दार बंद ठेवणं आणि त्यावर कागद चिकटवणं, 'उघडू नका', कारण एकजण तरी थंड पाणी बघायला येतोच. न उघडलेला फ्रीज साधारण ४ तास थंडी धरतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. हे आकडे बेताच्या खोलीतले आहेत, पत्र्याच्या शेडमधल्या ४२ अंशाच्या किचनला ते जसेच्या तसे लागू नाहीत, म्हणून लाईट आल्यावर घड्याळ नाही, थर्मामीटर बघायचा. आपल्या केसमधे लाईट ४ ला आली, दार न उघडलेलं, दाराजवळचा थर्मामीटर ६ अंश. आता दह्याचं, पनीरचं, चिकनचं आतलं तापमान वेगवेगळं घ्या. समजा चिकन आतून ४ आहे, दुसऱ्या डेअरीकडून आणलेलं पनीर ५, दरवाज्यातलं दूध ८. चिकन-पनीर लगेच शिजवायला घ्या, जेवण तसंही आठलाच आहे. दूध किती वेळ ५ च्या वर होतं ते कुणीच सांगू शकत नाही, म्हणून ते चहालाही नाही, टाकायचं, आणि वहीत लिहायचं: तारीख, १ ते ४ लाईट नाही, दूध ६ लिटर टाकलं, तापमान ८, सही.